अनुभव धागा: संध्याकाळच्या फेरीत नवी वस्ती कशी उमगली?

निवृत्तीनंतर मुलांकडे, अनोळखी शहरात राहायला आलेल्यांनी इथे लिहा. वस्ती कशावरून ओळखीची झाली? सुरुवात मी करते.

चिपळूणच्या बाई

शाळेत विज्ञान शिकवायचे. आता लेकीकडे, माटुंग्याला. संध्याकाळी फाइव्ह गार्डनच्या बाजूला फिरायला निघायचे आणि हमखास चुकायचे. सगळे रस्ते सारखेच, चौक गोल, इमारतीही एका वयाच्या. शेवटी पाट्या सोडल्या आणि झाडं धरली. महोगनीचा रस्ता घराकडचा, पर्जन्यवृक्षांचा रस्ता पारशी कॉलनीतला.

मग एक गंमत दिसली. जाताना ज्या रस्त्यावर गर्द सावली असायची, तिथेच परतताना वर आभाळ दिसायचं. पर्जन्यवृक्षाची पानं दोन-दोन जोडीने मिटून खाली झुकलेली! वर्गात लाजाळू जन्मभर शिकवली. एवढं मोठं झाड रोज मिटतं हे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. डिसेंबरात हे लवकर सुरू होतं. जुलैत एकदा आभाळ काळंभोर झालं, तर चार वाजताच रस्ता निजला होता.

बाकावरच्या एका पारशी आजोबांनी विचारलं, "बाई, रोज ऊपर शूं जुओ छो?" सांगितलं, तर तेच गाइड झाले. १८९६च्या प्लेगनंतर शहराची दाटी कमी करायला १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, त्याने दादर-माटुंग्याची ही आखणी केली. पारशी कॉलनीसाठी मंचरजी जोशी झटले. तळमजला आणि वर दोन मजले, इमारतींमध्ये मोकळी जागा, वस्तीला कुंपण नाही. झाडं एवढी ऐसपैस का वाढली ते तेव्हा कळलं. आणि मी बिनदिक्कत त्यांच्या कॉलनीतून का फिरू शकते, तेही!

पायपीट

बाई, छान. पण बूट कुठले घालता? माझ्या टाचा दुखतात. आणि साधारण किती पावलं होतात?

चिपळूणच्या बाई

पावलं मोजत नाही हो. चपलाच घालते, लेक ओरडते.

निवृत्त मास्तर, कोपरखैरणे

आमच्याकडे असली जुनी झाडं नाहीत. परभणीहून आलो तेव्हा सेक्टरचे आकडे पाहून डोकं गरगरलं. माझी खूण वेगळी. सरळ रस्ता अचानक वाकडा झाला, गल्ली अरुंद झाली आणि घरांची तोंडं हवी तिकडे वळली की समजायचं, गावठाण आलं. शहराची आखणी सिडकोची; गावं त्याच्या कितीतरी आधीची. संध्याकाळी तिथे मासळी घेऊन बसणाऱ्या मावशींनी मला आधी मासे ओळखायला शिकवले, मग माणसं. मी शाकाहारी आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सावली

पर्जन्यवृक्ष नाव पडलं कारण ते झाड पाणी सोडतं. आमच्या गाडीवर रोज चिकट थेंब असतात.

वनस्पतीवाला, कोल्हापूर

थेंब पडतात हे खरं, पण झाड पाणी सोडत नाही. रस शोषणारे किडे गोड चिकटा टाकतात, तो तुमच्या गाडीवर येतो. नावाबद्दल एक मत असं, की पावसाळी आभाळात पानं मिटतात म्हणून. पानाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूचं पाणी दुसरीकडे गेलं की पान झुकतं. त्यात नुसता उजेडाचा हिशोब नाही, आतलं घड्याळही आहे. डहाळी अंधारात ठेवली तरी थोडा काळ ती आपल्या वेळेनेच उघडते-मिटते.

बाई, एक लक्ष ठेवा. भर दुपारी पानं मरगळलेली, पिवळी दिसली आणि डहाळ्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. मुंबईत या किडीने बरेच पर्जन्यवृक्ष वाळले आहेत. वाळलेली फांदी वारा नसतानाही पडते. अशा झाडाखालच्या बाकावर बसू नका आणि महापालिकेच्या उद्यान खात्याला कळवा.

चिपळूणच्या बाई

आजोबांच्या बाकावरच्या झाडाचा एक फाटा तसाच दिसतोय. उद्या नीट बघते, त्यांनाही उठवते. ते सहजी उठणार नाहीत.

माटुंग्याची सून

आमच्या गल्लीत दिव्याला टेकलेली फांदी रात्रीही उघडी असते. बाकीचं झाड झोपतं, ती जागी.

वनस्पतीवाला, कोल्हापूर

पूर्ण उघडी? मला शंका आहे. उशिरा मिटत असेल. नऊ-साडेनऊला फोटो काढाल का?

माटुंग्याची सून

काढते. पण ती वेळ आमच्याकडे जेवणाची, तेव्हा सासूबाईंनाच पाठवावं लागेल.