मदत हवी आहे: आईबाबांना बीपीचं कसं कळवू?

मी जर्मनीत, आईबाबा कोथरूडला. मला बीपी निघालंय. उद्याच्या व्हिडिओ कॉलआधी हे पाठवायचंय, पटकन सांगा ठीक आहे का:

"आई, बाबा, काळजीचं काही नाही. बीपी थोडं वाढलंय, गोळी सुरू केली. जेवण सांभाळतो. बाकी मजेत."

लेकाची_आई: "काळजीचं काही नाही" वाचूनच आईच्या पोटात गोळा येईल. माझ्या मुलानं असंच लिहिलं होतं, रात्रभर डोळा लागला नाही. आकडा लिही.

जुना_सभासद: वय किती? एकदाच मोजलं का? गोळी कोणती?

धागाकर्ता: वय 29. दवाखान्यात 158/100. मग आठवडाभर घरी मोजलं, सरासरी 146/94. अ‍ॅम्लोडिपिन 5, सकाळी एक.

पेठेतला: दवाखान्यात सगळ्यांचंच वाढतं. तिशीच्या आत गोळी घेऊ नकोस, सुटत नाही मग. मी लसणावर आहे, झकास.

जुना_सभासद: दवाखान्यात वाढतं हे खरं, म्हणूनच तर घरी मोजायला लावतात. घरी 135/85 च्या वर सरासरी आली की ते बीपीच. लसणावर 146 खाली आणत बसू नये. आणि गोळी सवय लागली म्हणून सुटत नाही असं नाही, बीपी असतं म्हणून चालू ठेवावी लागते. वजन, मीठ कमी झालं तर काहींची डॉक्टर कमीही करतात. धागाकर्ता, दंड मोजलास का? यंत्रासोबतचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटीमीटरचा असतो. जाड दंडाला तो आवळला की आकडा फुगतो.

धागाकर्ता: आत्ताच टेपनं मोजला. 36. जिम.

पेठेतला: बघा! म्हणजे बीपीच नाही.

जुना_सभासद: घाई नको. मोठा पट्टा आण, पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोज. गोळी मनानं बंद करू नकोस. आता गोळीमुळे आकडा उतरलेलाच दिसेल, तेव्हा दंडाचं डॉक्टरांना सांग. इतक्या कमी वयात मूत्रपिंड, पोटॅशियम बघतात. ते झालं?

धागाकर्ता: रक्त, लघवी दिलीय, रिपोर्ट गुरुवारी. घरात कुणाला बीपी का, विचारलं होतं. "नाही" लिहिलं.

जुना_सभासद: आईबाबांना विचारून?

काकडे_वाडी: कोथरूडला चांगले हृदयरोगतज्ज्ञ सुचवा ना कोणी, सासऱ्यांसाठी.

लेकाची_आई: वेगळा धागा काढा हो.

धागाकर्ता: विचारलं नव्हतं. नवीन मजकूर पाठवला:

"आईबाबा, मला बीपी आहे. घरची सरासरी 146/94. पट्टा लहान होता, मोठा आणून परत मोजतोय. रोज एक गोळी. घोट्याला सूज आली तर डॉक्टरांना कळवायचंय. रक्त-लघवीचे रिपोर्ट गुरुवारी, तेव्हा फोन करतो. लोणचं-पापड पाठवू नका. घरात कुणाला बीपी होतं का? खरं सांगा."

धागाकर्ता: बाबांचं उत्तर आलं. "मला 38 व्या वर्षापासून आहे. तुझी दहावी होती, म्हणून बोललो नाही."

पेठेतला: लसूण तरी खा.