मदत हवी आहे: चक्रवाढ स्वस्त कसं पडलं?

नमस्कार मंडळी, इथे इंदूरला दहावीच्या मुलांना शिकवतेय. १०,००० कर्ज, दर १०%, ३ वर्षं. एकरकमी फेडलं तर सरळव्याज ३,००० आणि चक्रवाढ ३,३१०, इथपर्यंत सगळ्यांना पटलं. मग टेबल केलं, दर वर्षअखेर ४,००० भरायचे, बाकी ७,०००, मग ३,७००, शेवटी ७०, म्हणजे एकूण १२,०७०च! मुलं म्हणाली मॅडम, चक्रवाढच स्वस्त. खरं तर व्याज दरवर्षी भरल्यामुळे ते मुद्दलात चढलंच नाही आणि उरलेल्या रकमेवरच लागलं, सरळव्याजाचे ३,००० मात्र पूर्ण मुद्दलावर धरलेले. पाच प्रश्नांच्या क्विझमध्ये नेमका हाच फरक पकडणारा प्रश्न कसा विचारू? एक वर्ष हप्ता चुकवलेलं टेबल देऊ का?