अनुभव धागा: दमलोय, की हे कामच आपलं नाही?

विचारणारी, वडोदरा
एमएस्सी रसायनशास्त्र, औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, ६ वर्षं, तीन पाळ्या. एचपीएलसी यंत्रासमोर बसायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. नोकरी बदलू, की रसायन सोडून डेटाचा कोर्स करू? जाणत्यांनी कसं ठरवायचं ते लिहावं.

क्यूसी-क्यूएत २० वर्षं, मकरपुरा
'मला हे क्षेत्रच नको' या वाक्यावर सध्या विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउट हा आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरी खूण पाहा. कामाचा तिटकारा हे थकव्याचंच लक्षण असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून क्षेत्र चुकलं असं ठरत नाही.

पुढच्या १२ ड्यूट्या एक वही ठेवा. प्रत्येक ड्यूटीला तीन-चार नोंदी पुरेत: काय केलं, कोणती पाळी, नंतर मन वर गेलं, खाली गेलं की तसंच राहिलं. मग खाली गेलेल्या नोंदी दोन भागांत टाका. एकात खुद्द रसायनाचं काम: नमुना तयार करणं, मोबाइल फेज, आलेखातले पीक तपासणं, ओओएस म्हणजे मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाचं कारण शोधणं. दुसऱ्यात भोवतालचं: दोघांचं काम एकाला, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, ऑडिटच्या आदल्या रात्री लॉगबुक पुरं करणं. नोंद त्याच दिवशी करा. आठवड्यानंतर लिहिलंत तर सगळंच काळं दिसतं.

दांडिया बाजार
एवढा खटाटोप कशाला? दिवाळीची सुट्टी लाभपाचमपर्यंत असतेच. परत आल्यावर बरं वाटलं तर थकवा होता, नाही वाटलं तर क्षेत्र चुकलं.

मकरपुरा
अर्धं बरोबर आहे. पण दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं, फराळ, प्रवास. ती विश्रांती नव्हे. सलग १० दिवस, फोन बंद, रात्रीची झोप, असं हवं. शिवाय परतल्यावर तीच माणसं आणि तोच भार असेल तर आठवड्यात पुन्हा दमायला होतं. त्यावरून क्षेत्र चुकलं म्हणणं म्हणजे पंखा बंद पडला म्हणून घर बदलणं. सुट्टीत पाहायचं ते वेगळंच: सातव्या-आठव्या दिवशी कामातली एखादी अडलेली गोष्ट आपसूक डोक्यात येते का?

घरात डॉक्टर आहेत म्हणून लिहिते
सुट्टीतही गाणं, जेवण, मैत्रिणी, काहीच गोड लागत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त तसंच चाललं असेल, तर नोकरीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ पाहून घ्या. नैराश्य आणि बर्नआउट वरवर सारखेच दिसतात.

वाघोडिया रोड
माझ्याकडे ९० दिवसांचा नोटीस पिरियड आहे, नवी कंपनी ३० दिवस म्हणते. पीएफ काढावा की ट्रान्सफर करावा?

मकरपुरा
भाऊ, प्रश्न वेगळा आहे. पण ट्रान्सफर करा, पेन्शनची वर्षं जोडली जातात.

विचारणारी
वही झाली. ४० नोंदी: २३ खाली, ९ वर, ८ तशाच. खालच्या २३ पैकी १६ भोवतालच्या, ७ खुद्द कामाच्या. त्या ७ मधल्या ५ रात्रपाळीतल्या. वरच्या ९ पैकी ६ एकाच कामाच्या: अनोळखी पीक कुठून येतं ते शोधताना कॉलम आणि पीएच बदलून पाहिलं, तेव्हाच्या.

मकरपुरा
मग डेटाच्या कोर्सची फी आज भरू नका. क्षेत्र चुकलेल्याला चांगली झोप, चांगला साहेब मिळाला आणि काम उत्तम झालं, तरी आत काही हलत नाही. शाबासकीही परक्याला मिळाल्यासारखी वाटते. तुमचं पिकामागे लागल्यावर हलतं. मेथड डेव्हलपमेंटची, म्हणजे चाचणीची पद्धत बसवण्याची, जनरल शिफ्टची जागा शोधा, आधी आहे त्याच कंपनीत. मुलाखतीत विचारा: एका अॅनालिस्टकडे दिवसाला किती नमुने, रात्रपाळी किती, आधीचा माणूस का गेला?

एमएसयूत शिकवतो
थोडा वेगळा सूर. दिवसपाळीतल्या त्या २ नोंदी रोजच्या ठरावीक चाचणीच्या असतील, तर दुर्लक्ष करू नये. मेथड डेव्हलपमेंटमध्येही व्हॅलिडेशनची तीच तीच इंजेक्शनं आणि ढीगभर कागद असतात. पाच वर्षांनी तुमच्या साहेबांचा दिवस तुम्हाला मिळाला तर चालेल का, हेही वहीत लिहा.

विचारणारी
त्या दोन्ही ठरावीक चाचणीच्याच आहेत. साहेबांचा दिवस नको वाटतो, पण तो ऑडिटमुळे की कामामुळे, ते अजून सांगता येत नाही. आणखी १२ ड्यूट्या लिहिते, या वेळी रात्रपाळी सोडून.