मदत हवी आहे : फाउंडरला पहिल्याच मेसेजमध्ये पैशांचं लिहावं का?

नमस्कार मंडळी. बाणेरमधल्या एका छोट्या स्टार्टअपच्या फाउंडरला मेसेज करायचाय. त्यांचं सोसायटी मेंटेनन्सचं ॲप आमच्या कोथरूडच्या सोसायटीत वापरतात. पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी नावांची जोडाक्षरं तुटतात, ‘कुलकर्णी’तला रफार भलतीकडेच जातो. फॉन्ट बरोबर आहे. पीडीएफ बनवताना अक्षरं जोडण्याची पायरीच होत नसावी, असं वाटतं. सर्व्हरवर हेडलेस क्रोममधून पीडीएफ काढली की हे सुटतं, मी घरी नमुना करून पाहिलाय.

म्हणून थेट नोकरी न मागता लिहिणार आहे : “पाच दिवसांत एवढंच दुरुस्त करून देतो. फी १२,००० रुपये, निम्मी आधी. तुम्ही दिलेली ५० नावं पावतीवर बरोबर छापली गेली की काम पूर्ण. पुढे मला कामावर घ्यायचं की नाही, ते नंतर ठरवा.”

रक्कम आत्ताच लिहू की फोनवर बोलू? आणि “आधी फुकट करून दाखवा” म्हणाले तर? मागे एकाकडे तसं केलं, काम वापरलं गेलं आणि उत्तर आलंच नाही. नमुन्याची पावती सोबत जोडू, पण कोड पैसे मिळाल्यावरच द्यावा, हे बरोबर ना? असं काम दिलेल्या किंवा घेतलेल्या कुणी सांगाल का?