मदत हवी आहे: डिझाइनचे स्लॉट उघडण्याच्या कॅप्शनमध्ये दर आणि ब्रीफ कसे मांडावे?

शाईची_दौत
नमस्कार. मी कोल्हापुरात स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची कामे करते. घरगुती मसाले, लोणची, फराळ विकणाऱ्यांची लेबले हे माझे मुख्य काम असून अधूनमधून लोगो आणि निमंत्रणपत्रिकाही करते. दिवाळीच्या हंगामासाठी मी तीन स्लॉट उघडणार आहे. इन्स्टाग्रामसाठी कॅप्शनचा मसुदा असा आहे:

"नमस्कार मित्रमैत्रिणींनो! तुम्हा सर्वांच्या प्रेमामुळे आणि विश्वासामुळे आज एक आनंदाची बातमी सांगताना मला खूप समाधान वाटत आहे. दिवाळीच्या कामांसाठी स्लॉट उघडत आहे. लेबल ६,००० रुपयांपासून, लोगो ९,००० पासून, पत्रिका २,५०० पासून. सविस्तर माहितीसाठी मेसेज करा."

अडचण अशी की "६,००० पासून" वाचून लोक तोच पूर्ण दर समजतात, आणि मेसेज येतो तो केवळ "रेट?" एवढाच. दर कसा लिहावा, आणि ब्रीफमध्ये काय हवे ते कॅप्शनमध्येच सांगावे का?

पाटी_पेन्सिल
माझे मत स्पष्ट आहे: दर लिहूच नयेत. आकडा दिसला की घासाघीस तिथूनच सुरू होते. लिहायचेच असतील, तर प्रत्येक दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लावा, नाहीतर तो तुमच्या खिशातून जाईल.

नागमोडी_रेघ
जीएसटीचा दर बरोबर आहे, पण तो नोंदणी असणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर एरवी नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसताना ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही. नोंदणी असेल, तर दरांपुढे "जीएसटी वेगळा" असे लिहावे.

आता मुख्य मुद्दा. "पासून" या शब्दाचा दोष नाही. ६,००० रुपये कशाचे, हे लिहिलेले नाही. समजा, एका मसालेवाल्या ताईंकडे पाच प्रकारचे मसाले आहेत आणि प्रत्येक मसाला १०० व २५० ग्रॅम अशा दोन वजनांत विकला जातो, म्हणजे लेबले झाली दहा. त्यांच्या मनात ६,००० आणि तुमच्या मनात दहापट, असे होऊन संवाद तिथेच संपतो, आणि खरे तर दोन्ही आकडे चुकीचेच असतात. पहिल्या लेबलात विचार, मांडणी, अक्षरांची निवड असे सगळे मूळ काम येते. उरलेल्या चार मसाल्यांसाठी तीच मांडणी ठेवून रंग, नाव आणि घटक बदलायचे असतात. त्याचे प्रत्येकी १,५०० धरले, तर ६,००० होतात. दुसऱ्या वजनाचे लेबल आकाराने लहान-मोठे असल्याने मजकूर पुन्हा बसवावा लागतो. त्याचे प्रत्येकी ८०० धरले, तर पाचांचे ४,००० होतात. एकूण १६,०००. म्हणून कॅप्शनमध्ये "एका पदार्थाचे, एका आकाराचे लेबल: ६,००० पासून, त्याच मालिकेतील पुढचा पदार्थ १,५००, दुसरा आकार ८००" असे लिहावे. त्यातच दोन कल्पना आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या समाविष्ट असल्याचे सांगावे. मात्र ग्राहकाने निवडलेली कल्पना सोडून नवीन कल्पना मागितली, तर ती दुरुस्ती नव्हे, नवे काम, हे पहिल्याच उत्तरात लिहून पाठवावे.

कॅप्शनच्या सुरुवातीविषयीही सांगतो. फीडमध्ये साधारण सव्वाशे वर्ण दिसतात आणि पुढचे "आणखी"मागे जाते. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त यांचीही गणना वेगळी होते, त्यामुळे तुमचा मसुदा "खूप समाधान वाटत" इथेच तुटतो आणि स्लॉट उघडल्याची बातमी कोणाला दिसतच नाही.

कैरीची_फोड
ताई, मी सांगलीची आहे. माझी चार प्रकारची लोणची आहेत, तर ६,००० मध्ये चारही लेबले होतील ना? मागच्या वेळी एका ठिकाणी लेबले करून घेतली होती. मी घटकांची यादी वहीत लिहून तिचा फोटो पाठवला. त्यांनी ती टाइप करताना "मेथी" गाळली, आणि छपाई झाल्यावर माझ्या लक्षात आले. चूक कोणाची हे अजून ठरलेले नाही, पण सगळे स्टिकर वाया गेले.

शाईची_दौत
ताई, वरच्या हिशेबाने बाटली एकाच मापाची असेल, तर ६,००० आणि तीन वेळा १,५००, म्हणजे १०,५०० होतील. पण तुमच्या अनुभवामुळे माझा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे.

खिळे_जुळारी
छपाईच्या बाजूने लिहितो. मजकूर ग्राहकाने टाइप करूनच द्यावा, आणि तोही युनिकोडमध्ये. आमच्याकडे अजूनही जुन्या फॉन्टमधील मजकूर येतो. तो फॉन्ट डिझाइनरकडे नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, मग कोणीतरी पुन्हा टाइप करतो आणि "मेथी" गळते. छपाईपूर्वी ग्राहकाने अंतिम पीडीएफ वाचून "मजकूर तपासला, छापावे" असे लेखी कळवावे. ज्याने तसे कळवले, मजकुराची जबाबदारी त्याची.

दुसरे म्हणजे माप. "पाव किलोची बरणी" हे माप नव्हे. बरणीचा सपाट भाग किती मिलिमीटर उंच आहे आणि घेर किती आहे, हे कागदाची पट्टी गुंडाळून मोजावे. बरणी निमुळती असेल, तर सरळ पट्टी सुरकुतते, म्हणून रिकामी बरणीच डिझाइनरकडे पाठवावी. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड आम्हाला लागतेच. बॅच क्रमांक आणि तारखा नंतर शिक्क्याने उमटवायच्या असतील, तर तेवढी जागा कोरी ठेवावी आणि तिच्यावर लॅमिनेशन नको, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर साधी शाई पुसली जाते.

एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हातात नसताना काम सुरू करू नये, असे माझे मत आहे. "नंबर नंतर देतो" म्हणणाऱ्यांची लेबले आमच्याकडे महिनोन्‌महिने अडकून पडतात.

नागमोडी_रेघ
शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. क्रमांकाची जागा ठेवून मांडणी सुरू करता येते, फक्त अंतिम फाइल द्यायची नाही. बाकी सगळे मान्य. फक्त हे सर्व कॅप्शनमध्ये कोंबू नये; तिथे चार गोष्टी मागाव्यात आणि उरलेले प्रश्न फॉर्ममध्ये ठेवावेत. कॅप्शनमधील लिंक दाबता येत नाही, त्यामुळे फॉर्मची लिंक बायोमध्ये द्यावी.

शाईची_दौत
सर्वांचे आभार. सुधारलेला मसुदा देत आहे:

"दिवाळीच्या लेबल-डिझाइनसाठी तीन स्लॉट खुले. एका पदार्थाचे, एका आकाराचे लेबल ६,००० रुपयांपासून.
त्याच मालिकेतील पुढचा पदार्थ १,५००, दुसरा आकार ८००. यात दोन कल्पना, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि छपाईयोग्य पीडीएफ मिळेल. छपाईचा खर्च वेगळा. लोगो ९,००० पासून, पत्रिका २,५०० पासून.
स्लॉटसाठी मेसेजमध्ये या चार गोष्टी लिहा: पदार्थ किती व कोणते, बरणी किंवा पाकिटाचे माप, लेबले छापून कधी हवीत, आणि अंतिम निर्णय कोण घेणार. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला लागेल. निम्मी रक्कम जमा झाल्यावर स्लॉट निश्चित होईल. सविस्तर फॉर्म बायोमध्ये आहे."

पाटी_पेन्सिल
पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले झाले आहे. तरी ८०० चा आकडा काढा, असे माझे म्हणणे कायम आहे. लोक फक्त तेवढाच लक्षात ठेवून "८०० वाले लेबल द्या" म्हणतील.

खिळे_जुळारी
"छापून कधी हवीत" याऐवजी "विक्री कधी सुरू करणार" असे विचारा. दिवाळीआधी छापखान्यात रांग असते आणि कटिंग, लॅमिनेशनलाही वेळ लागतो. ग्राहक विक्रीची तारीख बरोबर सांगतो, छपाईची मात्र अंदाजाने सांगतो. तिथून मागे मोजून अंतिम फाइलची तारीख तुम्हीच ठरवा.

कैरीची_फोड
माझी विक्री वसुबारसेपासून असते. बरण्या दोन मापांच्या आहेत, हे मघाशी सांगायचे राहिले. म्हणजे आता १०,५०० मध्ये चार वेळा ८०० मिळवायचे का?

शाईची_दौत
होय ताई, १३,७०० होतील. दोन्ही मापांची एकेक रिकामी बरणी पाठवाल का? पत्ता संदेशात देते.