नवीन बाटली जुन्या बाटलीचा खप खाते, मग हिशोबात नेमकं काय धरायचं?

कुडाळचा_धाकटा
सिंधुदुर्गात आमचा कोकम सरबताचा छोटा कारखाना आहे. ७०० मिलीचं सिरप वर्षाला ४० हजार बाटल्या जातं, डीलरला ९० ला देतो, माल, बाटली, लेबल, वाहतूक मिळून ५० खर्च. आता २०० मिलीची तयार सरबताची बाटली काढायचीये, फिलिंग मशीन ९ लाखाचं. वर्षाला १ लाख २० हजार जातील, एकीमागे ६ रुपये सुटतील, पण सिरप ८ हजाराने घटेल असा आमचा अंदाज. सीएंच्या शीटमध्ये वर्षाला दीड लाखाचा तोटा दिसतो, दादा म्हणतो ७ लाख २० हजार फायदा. एवढा फरक कसा काय, आणि बरोबर कोण?

आकडेमोड
दोघंही चुकतायत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. दादांनी १ लाख २० हजार गुणिले ६ केलं आणि थांबले, सिरपचं नुकसान धरलंच नाही. सीएंनी बहुतेक ८ हजार बाटल्या गुणिले ९० असे ७ लाख २० हजार वजा केलेत, म्हणजे नवीन बाटलीची सगळी कमाई तिथेच संपली. शीट बघ, असंच असणार.
आता विचार कर, सिरपची एक बाटली कमी विकली तर ९० रुपये आले नाहीत हे खरं, पण ती बनवायचे ५० पण खर्च झाले नाहीत ना? साखर घेतली नाही, बाटली घेतली नाही. खिशातून गेले फक्त ४०. म्हणून ८ हजार गुणिले ४०, म्हणजे ३ लाख २० हजार वजा कर. शिल्लक ४ लाख.

सांगलीचा_डीलर
माझं मत उलटं आहे आणि मी वीस वर्षं माल विकतोय. सिरपचं नुकसान धरायचंच कशाला? गिऱ्हाईक आपलंच, ब्रँड आपलाच, या गल्ल्यातून काढून त्या गल्ल्यात टाकलं एवढंच. जुना माल खातो म्हणून नवीन माल अडवणाऱ्या कंपन्या बुडाल्यात. कोडॅकच्या इंजिनियरने १९७५ सालीच डिजिटल कॅमेरा बनवला होता, पण फिल्मचा धंदा सांभाळत बसले आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. काढ बाटली, बिनधास्त.

आकडेमोड
गल्ला बदलला तर रक्कम पण बदलते, मुद्दा तोच आहे. सिरपच्या बाटलीत ४० सुटतात, छोटीत ६. ज्या माणसाने सिरप घ्यायचं सोडून दोन छोट्या बाटल्या घेतल्या त्याच्याकडून तुमचे ४० गेले आणि १२ आले. हे २८ रुपयाचं नुकसान नवीन बाटलीमुळेच झालं, मग ते तिच्या नावावर नको का?

कुडाळचा_धाकटा
शीट उघडून बघितली, ९० नेच गुणलंय 🙏 शिवाय त्यात अजून तीन गोष्टी आहेत. ऑफिस, अकाउंटंट आणि गोडाऊन भाड्याचा वाटा म्हणून दीड लाख टाकलेत, तो तोटा तिथून येतो. लेबल डिझाइन आणि लॅब टेस्टचे ८० हजार मशीनच्या किमतीत मिळवलेत, ते पैसे आम्ही गणपतीच्या आधीच दिलेत. आणि मशीन ज्या खोलीत बसणार तिचं काहीच धरलं नाही कारण खोली घरचीच आहे, सध्या एका काजूवाल्याला महिना ६ हजाराने दिलीये.

आकडेमोड
तिन्ही उलटी धरलीत. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचार, मशीन घेतलं तर आणि नाही घेतलं तर यात हा रुपया बदलतो का? अकाउंटंटचा पगार दोन्हीकडे तेवढाच जाणार, गोडाऊनचं भाडं पण, म्हणून दीड लाख काढून टाक. नवीन ऑपरेटर ठेवणार असशील तर मात्र त्याचा पूर्ण पगार धर. लेबलचे ८० हजार गेलेत, मशीन नाही घेतलं तरी ते परत येत नाहीत, ते पण काढ. खोलीचं मात्र धरायलाच पाहिजे, कारण काजूवाला निघून गेला की वर्षाला ७२ हजार बंद. त्याचं बिल कोणी फाडत नाही म्हणून शीटमध्ये येत नाही, पण घरात येणारे पैसे तर थांबतात.

कुडाळचा_धाकटा
ऑपरेटर लागेल, महिना १२ हजार. मग ४ लाखातून १ लाख ४४ हजार आणि ७२ हजार गेले, उरले १ लाख ८४ हजार. आणि कोकम एप्रिल-मेमध्येच घ्यावं लागतं, पावसाच्या आत, त्यामुळे जादा मालात दीडेक लाख अडकून राहतील.

आकडेमोड
ते दीड लाख पण सुरुवातीला गेले म्हणूनच धर, शेवटी परत येतील. मशीन आठ वर्षं चाललं आणि पैशाचा दर १२ टक्के धरला, म्हणजे वर्षाने येणारे ११२ आजच्या १०० बरोबर, तर माझ्या हिशोबाने आजच्या किमतीत साधारण पाऊण लाख कमी पडतात. टॅक्स सोडून, आणि मशीन शेवटी भंगारात शून्याला जाईल असं धरून. म्हणजे सीए म्हणतात तेवढं वाईट नाही पण दादा म्हणतात तसं सोनं पण नाही.

कोथरूडची_पोळीभाजी
आमच्यासोबत हेच झालंय म्हणून लिहिते. आमचं पोळीभाजी केंद्र आहे, तीन वर्षांपूर्वी दीड किलोमीटरवर दुसरं काउंटर उघडलं. तिथे रोज ११० डबे जायला लागले, आम्ही खूश. दोन महिन्यांनी लक्षात आलं की जुन्या काउंटरवर संध्याकाळी पोळ्या उरतायत, आधी साडेसातलाच संपायच्या. वही काढून बघितली तर जुन्याचे ६५ डबे कमी झाले होते. खरे नवीन फक्त ४५, आणि ४५ डब्यांत त्या गाळ्याचं भाडं निघत नव्हतं. अकरा महिन्यांचा करार संपला तसं बंद केलं. नवीन काउंटरची वही एकटी बघितली असती तर आजही चालू ठेवलं असतं.

मिरजेचा_राजू
मला वाटतं एका बाटलीमागे ६ रुपये म्हणजे तुमचा रेटच कमी आहे, भाव दोन रुपये वाढवा, प्रश्न मिटला.

कुडाळचा_धाकटा
राजूभाऊ, भाव वाढवला तर शेजारच्या कोल्ड्रिंकच्या वर जातो, मग कोणी हात लावत नाही. आणि प्रश्न भावाचा नाहीये, सिरपचं नुकसान किती धरायचं याचा आहे.

सांगलीचा_डीलर
ठीक, नुकसान धरायचं हे पटलं, पण सगळे ८ हजार का? रत्नागिरीकडचा एक मोठा पार्टीवाला तयार सरबताची बाटली आणतोय, पुढच्या सीझनला दुकानात असेल, मला त्याचा माणूस भेटून गेला. तू नाही काढलीस तरी तुझं सिरप त्याची बाटली खाणारच आहे. मग जे तसंही जाणार होतं ते तुझ्या नवीन बाटलीच्या नावावर कसं लावणार?

आकडेमोड
हे एकदम बरोबर, आणि हे मी आधीच विचारायला हवं होतं. तुलना आजच्या ४० हजाराशी करायचीच नाही, मशीन न घेता पुढची वर्षं कशी गेली असती त्याच्याशी करायची. कोडॅकचं उदाहरण इथे बसतं, फिल्मचा खप जसाच्या तसा राहील असं धरलं तर डिजिटल तोट्याचंच दिसणार, पण तो खप राहणारच नव्हता.
समज ८ हजारातले ३ हजार तसेही त्याच्याकडे जाणार होते. मग तुझ्यामुळे गेलेले ५ हजार, म्हणजे २ लाख. वर्षाला उरतात ३ लाख ४ हजार, आणि पाऊण लाख कमी पडत होते तिथे आता पाच लाखांच्या वर शिल्लक दिसते. बाकी एकही आकडा बदलला नाही.

सेल्सवाली_ताई
थांबा जरा. मी अकरा वर्षं एका पेय कंपनीत कोकण आणि गोवा बघत होते, मला दोन गोष्टी खटकतायत.
पहिली, तो पार्टीवाला येणार म्हणून सिरपचं नुकसान कमी धरलंत, पण तोच पार्टीवाला तुमच्या छोट्या बाटलीच्या शेजारीच बसणार ना फ्रिजमध्ये? मग १ लाख २० हजार कसे राहिले? ते ९० हजारावर आले तर ७ लाख २० हजाराचे ५ लाख ४० हजार झाले, वर्षाला उरतात सव्वा लाखाच्या आसपास आणि मशीनचे पैसे निघत नाहीत. एकाच माणसाला एका ओळीत धरायचं आणि दुसऱ्या ओळीत विसरायचं असं चालत नाही.
दुसरी, ८ हजार हा आकडा आला कुठून? मालवण जेटीजवळच्या दुकानात मी तासन्‌तास उभी राहिलेय. पुण्याचं पाचजणांचं कुटुंब येतं, उन्हाने जीव गेलेला असतो. फ्रिजमध्ये थंड बाटली असली की पाच बाटल्या घेतात आणि तिथेच उभ्याने पितात. सिरप नेणारी वेगळी, ती निघायच्या दिवशी येते, घरी वाटायला दोन-तीन बाटल्या पिशवीत भरते. पण काही जण चव आवडली म्हणून सिरप घ्यायचे, ते आता छोटी पिऊन समाधानी होऊन जातात. आणि काही जण उलट, छोटी पिऊन चव कळली म्हणून सिरप घेतात, ते पण मी बघितलंय. म्हणजे पर्यटकांच्या दुकानात सिरप घटेल की वाढेल हेच नक्की नाही, आणि कोल्हापूर-सांगलीच्या किराणा दुकानात तर फरकच पडणार नाही, तिथे लोक घरच्यासाठीच नेतात. तुझी डीलरवार बिलं काढ, ४० हजारातले किती पर्यटकांच्या दुकानातून जातात ते बघ, ८ हजार तिथूनच जायला हवेत.

कुडाळचा_धाकटा
बिलं चाळली ताई. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला मिळून १४ हजारच आहेत. त्यातले ८ हजार जाणं म्हणजे निम्म्याहून जास्त, बाबांनी हा आकडा अंदाजे सांगितला होता 🙈

सेल्सवाली_ताई
मग मशीन घ्यायच्या आधी ५ हजार बाटल्या बाहेर कोणाकडून तरी भरून घे, एकीला दोन-तीन रुपये जास्त पडतील, पडू देत. मे महिन्यात फक्त मालवण-तारकर्लीच्या दुकानांत ठेव, वेंगुर्ल्यात ठेवूच नकोस. मग दोन्हीकडचं सिरप मागच्या मेशी ताडून बघ. दोन्हीकडे सारखंच घटलं तर सीझन खराब आहे, बाटलीचा दोष नाही. मालवणात जास्त घटलं तर तो फरक तुझ्या बाटलीने खाल्लेला. फक्त दुकानदाराकडचा शिल्लक माल मोज, डीलरची बिलं नको, कारण मेच्या आधी दुकानदार माल भरून ठेवतात आणि बिलात खप दिसतो पण बाटल्या कपाटातच असतात.

सांगलीचा_डीलर
टेस्ट करा, नाही म्हणत नाही, पण एक मे गेला की पार्टीवाला फ्रिजमध्ये जागा धरून बसेल आणि ती जागा परत मिळत नाही. ते नुकसान कुठल्या ओळीत टाकणार?

आकडेमोड
ते पण टाकता येतं, वर्षभर उशीर झाला तर किती दुकानं हातची जातील त्याचा अंदाज करून. पण १ लाख २० हजार की ९० हजार यावर माझं आणि ताईंचं जमत नाही. माझ्या मते दोन ब्रँड आले की फ्रिजमधलं कोकम वाढतं, लोक कोल्ड्रिंक सोडून इकडे वळतात.

सेल्सवाली_ताई
मोठ्या शहरात वळत असतील. जेटीवरच्या दुकानात फ्रिज एकच असतो आणि त्यातले दोन कप्पे कोल्ड्रिंकवाल्याने आधीच घेतलेले असतात.

कुडाळचा_धाकटा
बाबांशी बोललो. काजूवाल्याला मेअखेरपर्यंत खोली राहू दे म्हणाले, आणि ५ हजार बाटल्या भरून देणारा कोणी कणकवली किंवा सावंतवाडीकडे माहीत असेल तर सांगा.