शब्दचर्चा: 'ॲडजस्टिंग इव्हेंट' आणि 'नॉन-ॲडजस्टिंग इव्हेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

काजूवाली, गुहागर

नमस्कार मंडळी. आमच्या घरचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर म्हणजे मामा, मामी आणि मोठे काका. तिघंही मराठीच वाचतात, ताळेबंदाच्या टिपा इंग्रजीत येतात आणि ते नुसती सही करतात, ते मला बघवत नाही म्हणून मी जुन्या वर्षांच्या टिपा मराठीत लिहून काढतेय. २०२०-२१ च्या टिपांवर अडले. ३१ मार्चनंतर पण सही व्हायच्या आधी जे घडतं त्याचे दोन प्रकार आहेत. मी सरकारी धाटणीने 'समायोजित घटना' आणि 'असमायोजित घटना' लिहिलं, तर मामा म्हणाले समायोजित म्हणजे जुळवून झालेली, मग आता आपण काय करायचं? त्यांचं बरोबर वाटलं. आणि 'रिपोर्टिंग डेट'ला 'अहवाल दिनांक' चालेल का?

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

मामांचं शंभर टक्के बरोबर. जुळवून घ्यायचा असतो तो आकडा, घटना नव्हे. घटना ३१ मार्चच्या आकड्याला हात लावायला भाग पाडते एवढंच. 'समायोजक' थोडं बरं पडेल, पण ते ऐकून कारखानदाराच्या डोळ्यापुढे काही येत नाही. मी क्लायंटला 'आकडा बदलायला लावणारी घटना' आणि 'फक्त टिपेत जाणारी घटना' असं सांगतो, लांब आहे पण कळतं.

'अहवाल दिनांक' मात्र कृपा करून लिहू नका. आपल्याकडे अहवाल म्हटलं की ऑडिटरचा अहवाल, आणि त्याची तारीख सहा महिने पुढची असते. सगळा विषयच या दोन तारखांमधल्या काळाचा आहे, तिथे दोन्ही तारखांना एकच नाव पडलं तर संपलंच. सरळ 'ताळेबंदाची तारीख' लिहा आणि दुसरीला 'मंजुरीची तारीख', म्हणजे डायरेक्टरांनी मीटिंगमध्ये हिशोब मंजूर केले तो दिवस.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

२०२०-२१ म्हणजे आमच्या पुराचं प्रकरण असणार. ते सोपं आहे, पूर आला २२ जुलै २०२१ ला आणि ताळेबंद ३१ मार्चचा. पूर नंतरचा, म्हणजे पुरामुळे जे काही बुडलं ते सगळं टिपेत, आकड्याला हात लावायचा नाही. माझ्या भावाच्या दुकानाचं तसंच केलं होतं.

काजूवाली, गुहागर

हो तेच प्रकरण. आमची चिपळूण बाजारपेठेत दोन गिऱ्हाईकांकडे उधारी होती, दोघांच्याही दुकानात पाणी शिरलं, दोघांनीही पैसे देता येणार नाहीत म्हणून सांगितलं. पण ऑडिटरने एकाची तरतूद मार्चच्याच ताळेबंदात घेतली आणि दुसऱ्याचं नुसतं टिपेत लिहिलं. काका अजून म्हणतात की एकाच पुरात दोन न्याय कसे. मला तेच मराठीत नीट लिहायचंय.

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

वाशिष्ठीकाठ, तुम्ही निम्मे बरोबर आहात. पूर नंतरचा हे खरं, पण प्रश्न पुराचा नाहीच, प्रश्न त्या उधारीचा आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी ती उधारी धडधाकट होती की आधीच आजारी होती? नंतरची बातमी जर जुना आजार उघड करत असेल तर आकडा बदलायचा. बातमीच नव्या आजाराची असेल तर टीप.

ताई, दोघांचा थोडा इतिहास सांगा. माल कधी दिला, पैसे कधी यायचे होते, मार्चपूर्वी काही खुणा होत्या का?

काजूवाली, गुहागर

खातेवही समोर घेऊन लिहितेय.

पहिला घाऊकवाला. माल नोव्हेंबर २०२० चा, मुदत ४५ दिवसांची. मार्चअखेर येणं ६ लाख ४० हजार. फेब्रुवारीत त्याचे दोन चेक परत आले, बँकेचे मेमो फाईलला लावलेत, दोन्हींवर खात्यात पुरेशी रक्कम नाही असंच कारण. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मामा जाऊन भेटले तेव्हा तो म्हणाला तुकड्या-तुकड्याने देतो. जुलैपर्यंत एक रुपया नाही, मग पूर, आणि सप्टेंबरात दोन लाखांवर मिटवलं.

दुसरा मिठाईवाला. त्याचं आमच्याशी बारा वर्षांचं खातं. माल मार्चमध्ये जातो आणि पैसे गणपतीच्या आधी, ही पद्धत ठरलेलीच. येणं ३ लाख १० हजार. कधी एक दिवस उशीर नाही. पुरात भट्टी, फ्रीज, सगळं गेलं, माणूस रडत फोनवर बोलला. डायरेक्टरांच्या सह्या सप्टेंबरअखेर झाल्या.

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

मग ऑडिटरने चांगलं काम केलंय. मिठाईवाल्याचं येणं मार्चअखेर थकलेलंसुद्धा नव्हतं, मुदत ऑगस्ट-सप्टेंबरची. पूर आला नसता तर पैसे आलेच असते असं कोणीही म्हणेल. ३१ मार्चला त्या येण्यात दोष नव्हता, म्हणून आकडा तसाच ठेवायचा, टिपेत लिहायचं की पुरामुळे इतकं येणं धोक्यात आहे, आणि नुकसान २०२१-२२ च्या खात्यात पडणार.

घाऊकवाल्याचा आजार फेब्रुवारीचा आहे. ते दोन मेमो हाच पुरावा. सप्टेंबरातली तडजोड ही नवीन घटना वाटते, पण ती मार्चला जे होतं त्याबद्दलच सांगतेय.

काकांना सांगा, पूर एकच, पण उधाऱ्या दोन होत्या.

दापोलीकर

माझं पण असंच झालंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या होमस्टेची कौलं आणि पत्रे सगळं उडालं. आमच्या तेव्हाच्या हिशोबनीसाने ते नुकसान मार्च २०२० च्याच हिशोबात टाकलं, म्हणाला सही अजून व्हायचीय तर घेऊन टाकू, आणि विम्याचे पैसे आले ते पुढच्या वर्षी उत्पन्न म्हणून दाखवले. बँकेने कर्ज देताना विचारलं की एका वर्षी एवढा तोटा आणि पुढच्या वर्षी एवढा नफा कसा. तर माझा प्रश्न असा की विम्याचा क्लेम किती दिवसांत करावा लागतो?

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

क्लेमची मुदत पॉलिसीत बघावी लागेल, तो वेगळा विषय. पण तुम्ही जे सांगितलं ते आपल्या चर्चेतलंच उदाहरण आहे. ३१ मार्च २०२० ला तुमचं छप्पर जागेवर होतं. म्हणून त्या तारखेच्या ताळेबंदात ते शाबूतच दिसायला हवं, खाली टीप. नुकसान आणि विमा दोन्ही २०२०-२१ मध्ये एकत्र आले असते तर बँकेला तो प्रश्न पडलाच नसता.

एक मोठा अपवाद मात्र आहे. वादळाने धंदाच कायमचा बंद पडणार असेल, तर नुसत्या टिपेवर भागत नाही, मग धंदा चालू राहील हे धरून बनवलेला सगळा ताळेबंदच बदलावा लागतो.

शब्दवेल्हाळ, वेंगुर्ला

मी हिशोबातली नाही, भाषेतली आहे, पण वाचताना वाटलं की 'आकडा बदलायला लावणारी' हे परिणामाचं नाव झालं, कारणाचं नाही. फरक कशाने पडतो? एक घटना जुन्या गोष्टीचा उलगडा करते, दुसरी नवीनच उपटते. मग 'उलगडा-घटना' आणि 'नवी घटना' का नको? ताईंच्या काकांना नावातच उत्तर मिळेल.

काजूवाली, गुहागर

उलगडा खूपच आवडला!! आणि त्यावरून आमचंच आठवलं. पुराच्याच वर्षी मे महिन्यात गोदामातले गराचे डबे उघडले, १० किलोचे, जानेवारीत भरलेले. झाकण काढल्या काढल्या खवट वास. गर चावला तर कडवट, रंगही पिवळट. झाकणाचं सील नीट बसलं नव्हतं म्हणून आत हवा गेली होती. ४० डबे, म्हणजे ४०० किलो. किलोला ७०० खर्च पडला होता आणि तो माल सगळा खर्च जाऊन किलोमागे ३०० ने विकला गेला. पण त्याच गोदामात जुलैच्या पावसात दुसरे ६० डबे भिजले, ते मात्र टिपेत. आता कळलं का ते.

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

बरोब्बर. खवटपणा एका दिवसात येत नाही, जानेवारीतल्या कच्च्या सीलचा माल मार्चला बिघडलेलाच होता, तुम्हाला कळलं मेमध्ये. ४०० किलोवर ४०० रुपये म्हणजे १ लाख ६० हजार मार्चच्या साठ्यातून कमी. भिजलेले डबे मार्चला कोरडे होते.

फक्त एक जपा, मेमध्ये कमी भावाने विकलं एवढंच पुरेसं नसतं. माल चांगला होता आणि भावच एप्रिल-मेमध्ये काही नव्या कारणाने कोसळला, तर तो उलगडा म्हणता येईलच असं नाही, कारण शोधावं लागतं.

निवृत्त शाखाधिकारी, अलिबाग

आमच्या वेळी मे महिन्यात सुचवलेला लाभांशसुद्धा मार्चच्या ताळेबंदात देणं म्हणून यायचा. मग तो उलगडा की नवा?

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

साहेब, तुमच्या वेळी तसंच होतं. २०१६ ला एएस ४ हे हिशोबाचं मानक बदललं, आता नंतर जाहीर केलेला लाभांश मार्चचं देणं धरत नाहीत, टिपेत दाखवतात. मार्चला ते देणं जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून 'नवी'.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मान्य, माझं अर्धवट होतं. पण मग घाऊकवाल्याचा आकडा किती घ्यायचा? ६ लाख ४० हजारातले दोन लाख आले, बुडाले ४ लाख ४० हजार. ते सगळं काय फेब्रुवारीच्या आजारानेच बुडालं? पुराने त्याचं दुकान गेलं नसतं तर तुकड्या-तुकड्याने अजून काही दिलंच असतं ना. मी तो बाजार बघितलाय, पाणी ओसरल्यावर चिखलात माल उचलत होते लोक.

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

हा खरा अवघड प्रश्न. माझ्या मते मार्चला जे माहीत असू शकत होतं त्यावर अंदाज बांधायचा. समजा तेव्हा निम्मे येतील असं वाटलं असतं, तर ३ लाख २० हजारांची तरतूद मार्चमध्ये आणि उरलेले १ लाख २० हजार पुराच्या नावाने पुढच्या वर्षात. पण तो निम्म्याचा अंदाज कागदावर टिकला पाहिजे, मार्चमधल्या भेटीची नोंद, त्याची इतर देणी वगैरे.

काजूवाली, गुहागर

आमच्या ऑडिटरने अख्खे ४ लाख ४० हजार घेतले. म्हणाले वेगळं करायला तुमच्याकडे कागद नाही, मामा तोंडी बोलून आले होते.

हिशोबतपासनीस, रत्नागिरी

तसंही करतात, त्यांना चूक म्हणणार नाही. मी असतो तर मामांना समोर बसवून अजून विचारलं असतं.

शब्दवेल्हाळ, वेंगुर्ला

म्हणजे एकाच घटनेत थोडा उलगडा आणि थोडं नवं. माझे दोन शब्द इथे अपुरे पडले की.

काजूवाली, गुहागर

तरी मी तेच ठेवतेय. मामांसाठी टीप अशी लिहिली: 'ताळेबंदाच्या तारखेनंतर आणि मंजुरीच्या तारखेआधी उलगडलेल्या जुन्या गोष्टी आकड्यांत धरल्या आहेत. नव्याने घडलेल्या गोष्टी आकड्यांत न धरता खाली सांगितल्या आहेत.' खाली मिठाईवाला आणि भिजलेले डबे. काकांनी वाचलं आणि विचारलं, मग घाऊकवाल्याचा पूर कुठे लिहिलास? त्याला अजून काय लिहू ते सुचवा.